रुपया, डॉलर आणि महागाईतला फरक: सापेक्ष क्रयशक्ती समानतेवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन देशांच्या महागाईवरून त्यांच्या चलनांचा दर पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः रुपया-डॉलरची आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सापेक्ष क्रयशक्ती समानता म्हणजे सोप्या भाषेत काय?

भारतात वर्षभरात भाव सरासरी ५ टक्क्यांनी वाढले आणि अमेरिकेत २ टक्क्यांनी, तर रुपयाची खरेदी करण्याची ताकद डॉलरपेक्षा जास्त झिजली. विनिमय दर जागेवरच राहिला, तर भारतीय माल अमेरिकी मालाच्या तुलनेत साधारण ३ टक्के महाग होईल, निर्यातीला फटका बसेल आणि आयात वाढेल. त्यातून डॉलरची मागणी वाढते आणि रुपया उतरतो. किती उतरावा? महागाईतला फरक भरून निघेल इतका, असं हे तत्त्व सांगतं. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या चलनांचे दर कुठे ठरवावेत हा पेच होता. तेव्हा स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव कॅसल यांनी ही मांडणी पुढे आणली.

‘सापेक्ष’ म्हणायचं कारण असं की इथे दोन देशांतले भाव एकमेकांशी जुळवायचे नसतात. दोन्हीकडचे भाव किती वेगाने बदलले, एवढंच पाहायचं असतं.

२. सूत्र काय आहे आणि त्यात कोणता आकडा कुठे टाकायचा?

```
S1 = S0 * (1 + h) / (1 + f)
```

S0 म्हणजे आजचा दर, एका परकी चलनाला किती रुपये या पद्धतीने लिहिलेला. h म्हणजे आपल्याकडची येत्या वर्षाची अपेक्षित महागाई आणि f म्हणजे परदेशातली. समजा डॉलर ९० रुपयांना आहे, भारतात ४ टक्के महागाई अपेक्षित आहे आणि अमेरिकेत २ टक्के. मग १.०४ ला १.०२ ने भागून १.०१९६ येतात. त्याला ९० ने गुणलं की वर्षाअखेर डॉलर ९१ रुपये ७६ पैशांच्या आसपास असावा.

सगळ्यात जास्त चुका दराच्या दिशेत होतात. दर ‘एका डॉलरला इतके रुपये’ असा असेल, तर रुपयाच्या देशाची महागाई वर, अंशात जाते. ‘एका रुपयाला इतके डॉलर’ असा असेल, तर ती खाली जाते. लक्षात ठेवायचं ते इतकंच: दरात ज्या चलनाचा आकडा बदलतो, त्याच देशाची महागाई अंशात. उत्तर तपासायला एक खूण पुरते. जास्त महागाईचं चलन स्वस्त झालेलं दिसलं पाहिजे. ते महाग होताना दिसलं, तर अंश आणि छेद उलटे पडले आहेत.

३. इतकं कशाला? ४ मधून २ वजा केले की २ टक्के, झालं ना?

भारत-अमेरिकेसारख्या जोडीला चालतं. प्रश्न २ मधलं नेमकं उत्तर १.९६ टक्के आहे, वजाबाकीचं २. एका वर्षासाठी कोणी एवढ्यावरून वाद घालणार नाही.

महागाई मोठी असली की वजाबाकी फसवते. तुर्कस्तानात २०२२ ची सरासरी महागाई सुमारे ७२ टक्के होती, अमेरिकेत ८. वजाबाकी करून ६४ टक्के येतात, पण १.७२ भागिले १.०८ केलं तर डॉलर सुमारे ५९ टक्क्यांनी महाग व्हावा असं निघतं. पाच टक्क्यांचा फरक हा नुसता राउंडिंगचा नाही. शिवाय डॉलर ५९ टक्क्यांनी महाग झाला, याचा अर्थ लिरा ५९ टक्क्यांनी पडला असा होत नाही. १ भागिले १.५९ म्हणजे ०.६३, म्हणून लिराची घसरण ३७ टक्के. बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. (प्रत्यक्षात त्या वर्षी डॉलर सरासरीने लिराच्या तुलनेत ५९ टक्क्यांहून बराच जास्त महाग झाला. असं का होतं, ते प्रश्न ७ मध्ये.)

४. महागाईचे इतके आकडे येतात. नेमका कोणता घ्यायचा?

तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे निर्देशांकाचा प्रकार. ग्राहक किंमत निर्देशांक घेतला तर दोन्हीकडे तोच. मे २०२२ मध्ये भारतातली घाऊक महागाई १६ टक्क्यांच्या वर होती आणि किरकोळ महागाई ७ च्या आसपास. अमेरिकेत त्या महिन्यात ग्राहक महागाई साडेआठ टक्क्यांच्या घरात होती. कोणी भारताचा घाऊक आकडा अमेरिकेच्या किरकोळ आकड्यासमोर ठेवला, तर रुपया ७ टक्क्यांनी उतरावा असं दिसतं. किरकोळसमोर किरकोळ ठेवला तर तो थोडा वधारायला हवा. महिना एकच आणि उत्तरं परस्परविरुद्ध!

दुसरी गोष्ट कालखंडाची. भारताचे बरेच आकडे एप्रिल-मार्च वर्षाचे असतात, अमेरिकेचे जानेवारी-डिसेंबरचे. तसंच ‘डिसेंबर ते डिसेंबर’ वाढ आणि ‘वर्षभराची सरासरी’ वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वार्षिक सरासरी महागाई घेतली, तर दरही वर्षभराचा सरासरीच घ्या. डिसेंबरची महागाई आणि मार्चअखेरचा दर यांची मोट बांधू नका.

तिसरी गोष्ट नवशिके हमखास विसरतात: अंदाज पुढचा हवा असेल तर महागाईही पुढची, म्हणजे अपेक्षित, लागते. गेल्या वर्षीची नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्या देशांचे अंदाज एकाच साच्यात देतो, त्यामुळे दोन देशांसाठी तो सोयीचा पडतो. चार-पाच वर्षांपुढचं पाहायचं असेल, तर मध्यवर्ती बँकांची उद्दिष्टं धरलेली बरी: रिझर्व्ह बँकेचं ४ टक्के, अमेरिकेच्या फेडचं २ टक्के.

एक भारतीय अडचणही आहे. आपल्या ग्राहक निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांना जवळपास ४६ टक्के वजन होतं. अमेरिकेत अन्नाचं वजन त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. टोमॅटो-कांद्याने एखाद्या महिन्यात आपला आकडा उसळला, म्हणून रुपयाच्या दराने तेवढंच हलावं असं काही नाही. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर हे सूत्र चालवूच नये.

५. जागतिक बँकेच्या आकड्यांत क्रयशक्तीनुसार डॉलर २० रुपयांच्या आसपास दिसतो. मग रुपया एवढा वधारणार का?

नाही. तो आकडा निरपेक्ष क्रयशक्ती समानतेचा. अमेरिकेत १ डॉलरला जितकं सामान आणि सेवा मिळतात, तितकंच भारतात घ्यायला सरासरी किती रुपये लागतील, एवढंच तो सांगतो. त्यात दाढी-कटिंग, घरभाडं, बसचं तिकीट, शाळेची फी सगळं येतं. पुण्यातली स्वस्त कटिंग उचलून न्यू जर्सीत विकता येत नाही, त्यामुळे हा फरक मिटवणारा व्यापार होतच नाही. गरीब देशांत सेवा स्वस्त असतात, ही दरी वर्षानुवर्षं टिकते.

सापेक्ष तत्त्वाला ही दरी चालते. दरी आहे तेवढीच राहिली तरी पुरतं, वाढायला किंवा कमी व्हायला नको, एवढीच त्याची अट. म्हणून पुढच्या वर्षीच्या दराच्या हिशेबात २० हा आकडा कुठेही येत नाही. सुरुवात बाजारातल्या आजच्या दरापासूनच.

६. मुलगी चार वर्षांनी अमेरिकेत एमएसला जाणार. आज वर्षाची फी ५०,००० डॉलर. रुपयांत किती धरू?

इथे दोन वेगवेगळ्या वाढी आहेत आणि लोक बहुतेकदा एकच धरतात. डॉलरमधली फी स्वतःच वाढते, आणि डॉलरचा रुपयातला दरही वाढतो.

दरासाठी प्रश्न ४ मधली उद्दिष्टं, ४ आणि २ टक्के घेऊ, आणि आजचा दर सोयीसाठी ९० धरू. एक्सेलमध्ये एवढंच टाका:

```
=90*((1+4%)/(1+2%))^4
```

उत्तर ९७.२७ येतं. वर्षागणिक पाहिलं तर ९१.७६, ९३.५६, ९५.४० आणि ९७.२७. आता फी. ती वर्षाला ३ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर चार वर्षांनी सुमारे ५६,२७५ डॉलर होईल. दोन्हींचा गुणाकार ५४ लाख ७४ हजार रुपये. आजच्या भावाने हीच फी ४५ लाख आहे. नुसता दर वाढवून आणि फी तशीच ठेवून हिशेब केला असता, तर ४८ लाख ६३ हजारच आले असते आणि सहा लाख कमी पडले असते.

दराच्या सूत्रात फीवाढीचा दर घालू नका, ही दुसरी चूक. कॉलेजची फी सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगळ्या वेगाने वाढू शकते, पण चलनाच्या दराला सबंध अर्थव्यवस्थेतल्या भावांशी मतलब असतो. सूत्रात सर्वसाधारण महागाई जाते आणि फीवाढ फीच्या रकमेला लागते.

आणि ९७ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. चार वर्षांनी दर त्यापेक्षा १० टक्के वर, म्हणजे १०७ असणं अजिबात असाधारण नाही. तसं झालं तर एका वर्षाच्या फीलाच ६० लाखांवर लागतील. ५४ लाखांची तयारी करताना ही फट डोळ्यांसमोर असू द्या.

७. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई आपल्यापेक्षा जास्त होती. मग रुपया वधारण्याऐवजी पडला कसा?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. २०२२ ची सरासरी महागाई भारतात ६.७ टक्के होती आणि अमेरिकेत ८. सूत्रानुसार डॉलर सव्वा टक्क्याने स्वस्त व्हायला हवा होता. २०२१ मध्ये तो सरासरी ७३.९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २०२२ ची सरासरी ७३ च्या जवळ यायला हवी होती. प्रत्यक्षात ती ७८.६ च्या घरात गेली, आणि ऑक्टोबरमध्ये दराने ८३ ला हात लावला.

घडलं असं की महागाई आवरायला फेडने मार्च ते डिसेंबरमध्ये व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. अमेरिकेत सुरक्षित व्याज मिळू लागल्यावर जगभरचा पैसा डॉलरकडे वळला. त्याच काळात युक्रेन युद्धामुळे तेल महागलं आणि आपलं आयातीचं बिल फुगलं. जास्त महागाईनेच अमेरिकेचं चलन बळकट केलं असं म्हटलं तरी चालेल. सूत्राला हे दिसत नाही, कारण ते फक्त मालाच्या भावांकडे पाहतं. रोजच्या चलनबाजारात मात्र मालाच्या व्यापारापेक्षा भांडवलाची ये-जा कितीतरी मोठी असते.

२०२५ चं उदाहरण तर याहून ठळक आहे. ऑक्टोबरमध्ये भारताची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली होती, अमेरिकेत ती ३ च्या आसपास होती, आणि डिसेंबरमध्ये डॉलर ९० च्या पुढे गेला. भारतीय मालावरचं अमेरिकी आयातशुल्क ऑगस्टमध्ये ५० टक्क्यांवर गेलं होतं. शेअर बाजारातून परकी पैसाही बाहेर जात होता.

थोडक्यात, एका वर्षाच्या अंदाजासाठी हे सूत्र कच्चं आहे. त्यातून निघणारा आकडा एक-दोन टक्क्यांचा, आणि दराची वार्षिक हालचाल सहज पाच-सात टक्क्यांची.

८. निदान लांब पल्ल्यात तरी ते खरं ठरतं का?

बऱ्याच अंशी हो, पण कुठून मोजायला सुरुवात केली यावर उत्तर फिरतं. तोच हिशेब तीन पल्ल्यांवर करून पाहू.

२०१४ ते २०२४. या दहा वर्षांत भारतातले ग्राहक भाव सुमारे १.६३ पट झाले, अमेरिकेतले १.३३ पट. भागाकार १.२३. २०१४ ची डॉलरची सरासरी ६१ रुपये होती, म्हणजे २०२४ मध्ये ती ७५ च्या आसपास यायला हवी होती. प्रत्यक्षात ८३.७ आली. हे पाहून कोणीही म्हणेल की रुपया गरजेपेक्षा जास्त पडला.

आता एक दशक मागे जाऊ. २००४ मध्ये डॉलर सरासरी ४५ रुपयांच्या थोडा वर होता. २०१४ पर्यंत भारतातले भाव २.२ पट झाले, अमेरिकेतले १.२५ पट. सूत्राने २०१४ ला ८० रुपये सांगितले असते. प्रत्यक्षात ६१. म्हणजे रुपया गरजेपेक्षा खूपच कमी पडला!

दोन्ही दशकं जोडली तर सूत्राचा अंदाज ९८ रुपये येतो आणि प्रत्यक्ष दर ८३.७. वार्षिक वेगात बोलायचं तर अंदाज ३.९ टक्क्यांचा, घडलं ३.१ टक्के. दिशा बरोबर, वेगही जवळपास बरोबर. पण ‘२०१४ पासून रुपया कोसळला’ आणि ‘२००४ पासून रुपया टिकून आहे’ ही दोन्ही विधानं याच आकड्यांतून काढता येतात. म्हणून कोणी एखादंच सुरुवातीचं वर्ष घेऊन रुपया महाग की स्वस्त हे सांगत असेल, तर तेच वर्ष का घेतलं हे आधी विचारा.

२०१४ ते २०२४ या दशकातला बराचसा फरक रुपयाचा नसून डॉलरचा आहे. २०१४ मध्ये युरो सरासरी १.३३ डॉलरचा होता, २०२४ मध्ये १.०८ चा. एका डॉलरला १०६ येन मिळत, ते १५१ मिळू लागले. डॉलर सगळ्यांच्याच तुलनेत चढला होता.

२००४ ते २०१४ या दशकातला फरक वेगळ्या प्रकारचा आहे. वेगाने वाढणाऱ्या देशात कारखान्यांची आणि सॉफ्टवेअरसारख्या निर्यातक्षेत्रांची उत्पादकता वाढते, तिथले पगार वाढतात, आणि त्या पगारांच्या मागोमाग घरभाडं, शिकवणी, डॉक्टरची फी अशा स्थानिक सेवा महाग होतात. ग्राहक निर्देशांक चढतो, पण निर्यातीचा माल त्या प्रमाणात महाग होत नाही. त्यामुळे ग्राहक महागाईवर चालवलेलं सूत्र अशा देशाच्या चलनाची घसरण फुगवून सांगतं. (याला जोडून २००९ ते २०१३ मधली आपली जोरदार अन्नमहागाई होतीच.)

असा लांब हिशेब स्वतः करायचा असेल तर एक काळजी घ्या. आपला संयुक्त ग्राहक निर्देशांक २०११ पासूनचा आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी औद्योगिक कामगारांचा निर्देशांक वापरावा लागतो. दोन्हींचे आकडे थेट एकमेकांनी भागू नका, पायाभूत वर्षं वेगळी आहेत. दरवर्षीची टक्केवारी घेऊन गुणाकाराने साखळी जोडा.

९. दर सूत्रापासून भरकटला, तर परत यायला किती वेळ लागतो?

वर्षं लागतात, महिने नाही. प्रगत देशांच्या चलनांवरच्या अभ्यासांतून साधारण ३ ते ५ वर्षांत अर्धी तफावत भरून निघते असं दिसतं. तेही दर हलूनच होतं असं नाही. दर जागेवर राहून भाव सरकले तरी तफावत मिटते.

१०. रिझर्व्ह बँकेचा आरईईआर आणि हा हिशेब एकच का?

गोत्र एकच, पण आरईईआर, म्हणजे रुपयाचा वास्तव प्रभावी विनिमय दर, फक्त डॉलरशी तुलना करत नाही. रिझर्व्ह बँक ४० चलनांची टोपली घेते, प्रत्येकाला व्यापारातल्या वाट्याप्रमाणे वजन देते आणि महागाईचा फरक त्यात मिळवते. २०१५-१६ साठी १०० धरलं आहे. आकडा १०० च्या वर म्हणजे त्या वर्षाच्या तुलनेत रुपया वास्तवात महाग.

इथेच लोक गोंधळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा निर्देशांक १०८ च्या आसपास होता, म्हणजे रुपया महाग. प्रश्न ८ मधला डॉलरचा हिशेब त्याच वर्षी रुपया स्वस्त म्हणत होता. दोन्ही बरोबर आहेत. महागाईचा फरक धरला तर रुपया डॉलरसमोर पडला, पण बाकीची बरीच चलनं त्याहून जास्त पडली. तुमचा व्यवहार डॉलरमध्ये असेल तर प्रश्न २ चं सूत्र लागू पडतं. निर्यातीची स्पर्धा जगाशी असेल तर आरईईआर पाहा.

११. मी दुबईत आहे, पगार दिरहममध्ये. यूएईची महागाई धरून रुपयाचा अंदाज काढू का?

काढू नका. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. यूएईत २०१९ आणि २०२० मध्ये भाव दरसाल सुमारे २ टक्क्यांनी उतरले, तर अमेरिकेत वाढले. सूत्राप्रमाणे दिरहम डॉलरसमोर दरसाल तीन-चार टक्क्यांनी चढायला हवा होता, पण तो पैशानेही हलला नाही. बांधलेल्या चलनात सगळा ताण भावांवर येतो, दरावर नाही.

म्हणून आधी रुपया-डॉलरचा अंदाज भारत आणि अमेरिकेच्या महागाईवरून काढा, मग ३.६७२५ ने भागा. प्रश्न ६ मधला ९७.२७ घेतला तर दिरहम २६ रुपये ४९ पैशांच्या आसपास येतो. सौदी रियाल, कतारी रियाल यांनाही हीच रीत लागते, फक्त भागायचा आकडा त्या त्या चलनाचा घ्या. कुवेती दिनार मात्र एकट्या डॉलरला नाही तर चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे, त्याला हा आडमार्ग चालत नाही.

१२. बँकेने एक वर्षाचा फॉरवर्ड दर सांगितला, तो या सूत्राच्या उत्तराशी जुळत नाही. कोण चुकलं?

कोणीच नाही. फॉरवर्ड दर, म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच पक्का केलेला दर, महागाईवरून ठरत नाही, दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकावरून ठरतो. सूत्राची रचना तीच, फक्त h आणि f च्या जागी रुपयाचं आणि डॉलरचं एका वर्षाचं व्याज. तो अंदाजही नव्हे. आज रुपये कर्जाऊ घेऊन, डॉलर विकत घेऊन वर्षभर ठेवायला जो खर्च येतो, तो त्या दरात बसवलेला असतो. दोन्ही देशांतलं महागाई वजा जाता उरणारं व्याज सारखं असेल, तेव्हाच फॉरवर्ड आणि सापेक्ष समानतेचं उत्तर जुळतं, आणि ते क्वचितच सारखं असतं.

ठरलेल्या तारखेला ठरलेली डॉलरची रक्कम भरायची असेल, तर बँकेचा फॉरवर्ड हा प्रत्यक्ष मिळणारा भाव आहे आणि कागदावर पक्का करता येतो. महागाईचं सूत्र, जिथवर फॉरवर्ड सहज मिळत नाही अशा पाच, दहा, पंधरा वर्षांच्या बजेटसाठी राखून ठेवा.